शेतीशाळा घ्यावी की पीआरए? हुमणीसाठी एकाच हंगामाचा निधी आहे

शिवारवाट
नमस्कार मंडळी. मी चिकोडी तालुक्यात एका शेतकरी उत्पादक कंपनीत क्षेत्र समन्वयक म्हणून काम करते. आमचं गाव दूधगंगेकाठी आहे. अर्धं शिवार नदीकाठचं काळं रान, अर्धं वरचा माळ, आणि दोन्हीकडे ऊसच. गेल्या दोन-तीन वर्षांत मुळं खाणाऱ्या हुमणी अळीनं खोडव्याची दैना केली आहे. पानं पिवळी पडतात, हात लावला की ऊस मुळासकट उपटून येतो.

आता एका प्रकल्पातून एका हंगामापुरते पैसे मिळणार आहेत. अर्जात दोनच रकाने आहेत: 'शेतीशाळा' किंवा 'सहभागी ग्रामीण मूल्यांकन', म्हणजेच पीआरए. एकाच रकान्यात टिक करायची आहे. आमच्यातल्या काहींना शेतीशाळा हवी आहे, कारण त्यातून शेतकरी काहीतरी शिकतो. काही म्हणतात आधी गावाचं ऐका, पीआरए करा. दोन्ही जवळून पाहिलेल्यांनी सांगावं की हुमणीसारख्या प्रश्नाला कुठली पद्धत चालते, आणि का. वळवाला अजून दोन महिने आहेत.

निपाणीकर
माझ्या दीड एकर खोडव्यात गेल्या सप्टेंबरात हुमणी लागली. दुकानदारानं दाणेदार औषध दिलं, ते टाकून पाणी सोडलं. काही फरक पडला नाही, वर खर्च झाला तो वेगळाच. दुसऱ्या दुकानात दुसरं औषध सांगतात. कुठलं औषध चालतं तेवढं सांगा. शाळा आणि मूल्यांकन करत बसलो तर ऊस जायचा.

कागलचा पाहुणा
ताई, शेतीशाळाच घ्या. आमच्याकडे महाराष्ट्रात कृषी विभाग शेतीशाळा घेतो. पंचवीस-तीस शेतकरी, एक प्लॉट, हंगामभर वर्ग. पीआरए म्हणजे रांगोळीनं गावाचा नकाशा काढायचा, फोटो घ्यायचे आणि अहवाल लिहायचा. त्यानं एक अळी मरत नाही. शेतीशाळेत पंचवीस जण शिकले की बाकीचे बांधावरून बघून शिकतात. आपोआप गावभर पसरतं.

खानापूरची सून
रांगोळीचा नकाशा फुकट जातो असं सरसकट म्हणू नका. आमच्या भाताच्या गावात पाणलोटाच्या कामावेळी पीआरए झाला होता. पहिला नकाशा पुरुषांनी देवळासमोर काढला. त्यात रस्ता, पंचायत, बोअर, सगळ्यांची घरं होती. नंतर संस्थेतल्या बाईंनी आम्हा बायकांना वेगळं बसवलं आणि आमचा नकाशा काढून घेतला. त्यात सरपण कुठून आणतो, कुठला झरा एप्रिलात आटतो, कुठल्या वाटेवर बिबट्या दिसतो, हे आलं. पुरुषांच्या नकाशात तो झराच नव्हता. दोन्ही नकाशे शेजारी ठेवल्यावर झऱ्याचं काम यादीत वर गेलं.

मात्र त्यानंतर दोन वर्षं कोणी फिरकलं नाही हेही खरं. लोक अजून विचारतात, त्या नकाशाचं काय झालं?

भातखाचर
मी कर्नाटक कृषी खात्याच्या रैत संपर्क केंद्रात बरीच वर्षं काम करून निवृत्त झालो. भाताच्या शेतीशाळा घेतल्या आहेत आणि पाणलोटाच्या पीआरएमध्येही बसलो आहे. थोडं सविस्तर लिहितो.

या दोन पद्धती वेगवेगळ्या अडचणींतून आल्या. शेतीशाळा इंडोनेशियातली. तिथं भातावर तपकिरी तुडतुड्यांचा कहर झाला होता, आणि फवारणी जितकी जास्त तितके तुडतुडेही जास्त, असं दिसत होतं. कारण औषधानं कोळी आणि इतर मित्रकीटक आधी मरत होते. 1986 मध्ये तिथल्या सरकारनं भातावरच्या 57 कीटकनाशकांवर बंदी घातली, आणि 1989 पासून शेतकऱ्यांच्या शाळा सुरू झाल्या. शेतकऱ्यानं दर आठवड्याला खाचरात उतरायचं, शत्रू किती आणि मित्र किती ते मोजायचं, आणि फवारायचं की थांबायचं हे स्वतः ठरवायचं, हा त्यांचा गाभा.

पीआरएचा जन्म बराचसा आपल्या कर्नाटकातच झाला म्हटलं तरी चालेल. इंग्लंडचे रॉबर्ट चेंबर्स यांचं नाव त्याला जोडलं जातं, पण ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मायराडा या ग्रामविकास संस्थेच्या लोकांनी इथल्या गावांत बसूनच या पद्धती घडवल्या. त्याआधी अधिकारी गाडीतून उतरायचा, पक्क्या रस्त्याकडेच्या चार जणांना विचारायचा आणि निघून जायचा. त्यावर उपाय म्हणून काठी गावकऱ्याच्या हातात द्यायची, त्यानं जमिनीवर काढायचं आणि आपण गप्प बसायचं.

म्हणजे पीआरए विचारतो: अडचण कुणाची, कुठं, कधी? शेतीशाळा विचारते: या आठवड्यात माझ्या रानात काय चाललंय, आणि मी काय करू? पीआरए दोन-चार दिवसांत होतो. शेतीशाळेला पूर्ण हंगाम लागतो, कारण बघून ठरवण्याची सवय लागायला तेवढा वेळ जातोच.

आता कागलच्या पाहुण्यांसाठी. आपोआप पसरतं हे मला मान्य नाही. इंडोनेशियातल्याच शेतीशाळांवर 2004 मध्ये फेडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास आला. शाळेत गेलेल्यांच्या उत्पन्नात वा औषधाच्या वापरात ठळक फरक त्यांना दिसला नाही, आणि शेजाऱ्यांपर्यंतही काही पोचलेलं दिसलं नाही. उलट निष्कर्षाचे अभ्यासही आहेत, शाळेनंतर फवारण्या घटल्याचं सांगणारे. वाद मिटलेला नाही. पण शेजाऱ्याचा मुद्दा मी स्वतः पाहिला आहे. नव्या वाणाचं नाव बांधावरून सांगता येतं. खाचरात बसून कोळी मोजायचं आणि आज फवारायचं नाही असं ठरवायचं, हे बांधावरून सांगता येत नाही.

कागलचा पाहुणा
ठीक आहे, वाणाचं उदाहरण पटलं. पण मग पंचवीस जणांवर खर्च करून गावाला काय मिळालं? हुमणी तर गावभर आहे.

भातखाचर
तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंत. भातातल्या किडीचा निर्णय बऱ्याच वेळा एकट्याच्या खाचरात घेता येतो. हुमणीचा घेता येत नाही.

आपल्या भागात हुमणीच्या मुख्य दोन जाती. माळावरची, म्हणजे होलोट्रिकिया, आणि नदीकाठची, म्हणजे ल्युकोफोलिस. माळावरचीचे भुंगेरे वळवाचा पाऊस पडला की अंधार पडता पडता जमिनीतून निघतात आणि बांधावरच्या कडुनिंबावर, बाभळीवर जमतात. तिथं पाला खातात, मिलन होतं, आणि माद्या पहाटेपर्यंत परत जमिनीत जाऊन अंडी घालतात. त्या अंड्यातून निघालेली अळी पुढं चार-पाच महिने मुळं खाते. म्हणजे तुमच्या उसातली अळी शेजाऱ्याच्या बांधावरच्या कडुनिंबावरून आलेली असते. झाड एकाचं, नुकसान दहा जणांचं. पंचवीस जणांनी आपापली झाडं झोडपली आणि बाकीच्यांनी नाही, तर हाती फार लागत नाही.

निपाणीकर, तुमचं औषध का चाललं नाही तेही यातच आहे. सप्टेंबरात अळी तिसऱ्या अवस्थेत असते. मोठी, जाड, खोल. त्या वेळी तिला मारणं फार अवघड. औषध कुठलं यापेक्षा महिना कुठला हे आधी बघा. अळी लहान असते ती जून-जुलैत, आणि तेव्हा ऊस हिरवागार असतो म्हणून कुणी खणून बघत नाही.

शिवारवाट
सर, हे वाचून एक शंका आली. आमच्या गावात माळ आणि नदीकाठ दोन्ही आहेत. म्हणजे दोन्ही हुमण्या असतील?

भातखाचर
असण्याची दाट शक्यता. आणि इथंच पीआरए नसेल तर शेतीशाळा फसते. नदीकाठचीचे भुंगेरे माळावरचीसारखे झाडावर पाला खायला गोळा होत नाहीत. पाऊस झाल्यावर संध्याकाळी थोडा वेळ जमिनीलगत उडतात आणि परत मातीत जातात. समजा तुमचा शाळेचा प्लॉट माळावर घेतलात आणि सगळ्यांना झाड झोडपायला शिकवलंत. नदीकाठचे शेतकरी महिनाभर झाडं झोडपतील, हाती काही लागणार नाही, आणि पुढच्या वर्षी बोलावलंत तर येणार नाहीत.

म्हणून मी असं करेन. एप्रिलमध्ये दोन संध्याकाळी नकाशा. गावसभेचा मोठा नकाशा नको, फक्त शिवाराचा. ओढा, नदी, पाणंद, बांधावरचे कडुनिंब आणि बाभळी खडूनं काढा. मग ज्यांच्या उसात मार बसला त्यांनी आपल्या रानावर चिंचोके ठेवायचे. थोडा मार तर एक, निम्मा ऊस गेला तर तीन. चिंचोके कुठं दाटले ते सगळ्यांना समोर दिसतं. त्याच नकाशावर विचारायचं, भुंगेरे कुठं दिसले? झाडावर की जमिनीलगत? दिव्याखाली किती वाजता?

त्यानंतर शिवारफेरी. माळाच्या टोकापासून नदीपर्यंत सरळ चालत जायचं, वाटेत पाच-सहा ठिकाणी खणून बघायचं. नकाशावर लोक जे सांगतात आणि कुदळीला जे लागतं त्यात फरक पडतो, तो तिथंच बोलून घ्यायचा.

खानापूरची सून
एक भर घालते. नकाशाला भांगलणीच्या बायकांना बोलवा. उसाच्या मालकाला वरून पिवळी पानं दिसतात. सरीत खुरपं चालवताना अळी हाताला लागते ती भांगलणाऱ्या बाईच्या. कुणाच्या रानात जास्त, कुठल्या कोपऱ्यात, हे त्यांना पाठ असतं. त्या दहा मालकांच्या रानांत जातात, मालक एकाच्याच जातो.

आणि त्यांना संध्याकाळी सहाला बोलावलंत तर त्या येणार नाहीत. चूल असते.

माळरान
मी एका गावात शेतीशाळा झालेली पाहिली. नाव घेत नाही. चौदा वर्ग ठरले होते, मार्च अखेर आल्यावर सहा झाले आणि बाकीचे कागदावर. वर्ग म्हणजे अधिकारी कन्नडमध्ये तासभर बोलायचे, आमच्यातले अर्धे मान हलवायचे, चहा, सही, फोटो. नंतर रजिस्टर बघितलं तर पाचही गटांच्या तक्त्यांवर तेच चित्र, तेवढेच किडे. असली शाळा घ्यायची तर पैसे परत दिलेले बरे.

भातखाचर
माळरान, तुम्ही लिहिलेली खूण अगदी पक्की आहे. पाच गटांचे तक्ते सारखे निघाले म्हणजे कुणीतरी फळ्यावरून उतरवून घेतलेले. पाच वेगळ्या जागी खणल्यावर सारखे आकडे येतच नाहीत.

खरी शाळा अशी चालते. पाच-पाच जणांचे गट. प्रत्येक गटानं प्लॉटात आपापल्या जागा निवडायच्या. भातात चूड मोजतो, उसात वरून काही दिसत नाही, म्हणून फूटभर लांब, फूटभर रुंद आणि फूटभर खोल खड्डा घ्यायचा, गटागणिक दोन-तीन ठिकाणी. अळ्या मोजायच्या, आकार बघायचा, मुळं हातात घेऊन बघायची. मग सावलीत येऊन मोठ्या कागदावर मधोमध ऊस काढायचा, मुळाशी सापडल्या तेवढ्याच अळ्या, वर ऊन की ढग, माती ओली की कोरडी. खाली एकच ओळ: या आठवड्यात काय करायचं. गट तो तक्ता सगळ्यांसमोर मांडतो, बाकीचे हटकतात.

भाषेची अडचणही यानं बरीच सुटते. चित्र मराठीतही नसतं आणि कन्नडमध्येही नसतं. मांडणारा आपल्या बोलीत बोलतो. अधिकाऱ्यानं त्या वेळी फक्त प्रश्न विचारायचे. कुणी अळी दाखवून "ही काय?" म्हणालं की उत्तर द्यायचं नाही. "कुठं सापडली? काय खात होती?" असं उलट विचारायचं. हे सगळ्यात अवघड जातं. मला स्वतःला तोंडावर आलेलं उत्तर गिळायला लागायचं.

एक प्रयोग पहिल्याच वर्गात करा. शेणखताच्या उकिरड्यात पांढऱ्या अळ्या मिळतात, लोक त्यांनाही हुमणी समजून घाबरतात. उसाच्या मुळातली एक अळी आणि उकिरड्यातली एक अळी गुळगुळीत फरशीवर शेजारी सोडा. उकिरड्यातल्या बऱ्याच अळ्या पाठीवर उताण्या होऊन सरपटत जातात, पाय वर. त्या कुजलेलं खातात, मुळाला लागत नाहीत. हुमणी तशी उताणी चालत नाही, अर्धगोल वळून कुशीवर पडते. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की कोण कुठली अळी ते पुन्हा सांगावं लागत नाही.

निपाणीकर
हे मला माहीत नव्हतं. माझ्या उकिरड्यात भरपूर आहेत त्या. मी शेणखतच टाकायचं बंद केलं होतं.

भातखाचर
शेणखत बंद करू नका. चांगलं कुजवून टाका. कच्च्या शेणखताला हुमणीच्या माद्याही अंडी घालायला येतात, म्हणून कुजवणं महत्त्वाचं. त्यातच अळी मारणारी मेटारायझियम बुरशी मिसळून देता येते. पण तिला ओल लागते. कोरड्या रानात टाकून "काही झालं नाही" म्हणणारे पुष्कळ. शाळेत दोन कुंड्या ठेवा, दोन्हीत अळ्या आणि बुरशी, एक ओलसर, एक कोरडी. दोन-तीन आठवड्यांत ओल्या कुंडीतल्या काही अळ्या कडक होऊन त्यांच्यावर हिरवट बुरशी चढलेली दिसेल. जिवंत राहिलेल्या बहुधा मोठ्या अळ्या असतील. आकार आणि महिना याचा धडा तिथंच मिळतो.

शिवारवाट
म्हणजे शाळेचं वेळापत्रक उसाच्या लावणीला बांधायचं नाही?

भातखाचर
नाही. किड्याला बांधायचं. इथं छापील आराखडा आडवा येतो. त्यात पेरणीपासून काढणीपर्यंत दर आठवड्याचे वर्ग असतात. आपला ऊस कुणाचा आडसाली, कुणाचा सुरू, कुणाचा खोडवा, एकाच वेळी शिवारात उभा. किडा मात्र सगळ्यांचा एकच पाऊस ओळखतो. म्हणून मेच्या पहिल्या वळवापासून महिनाभर वर्ग दाट ठेवा, तेही रात्री, झाडाखाली. चादर अंथरून फांदी हलवायची, पडलेले भुंगेरे रॉकेल घातलेल्या पाण्यात. जून-जुलैत खणून लहान अळ्या बघायच्या, तेव्हा पंधरवड्याला एक वर्ग पुरे. सप्टेंबर-ऑक्टोबरला पुन्हा नुकसान मोजायचं, त्याच चिंचोक्यांनी, त्याच नकाशावर.

कागलचा पाहुणा
मग टिक कुठल्या रकान्यात करायची ते सांगा की. तुम्ही तर दोन्ही करायला लावताय.

भातखाचर
टिक शेतीशाळेवर करा. हंगामभराचा पैसा त्यातच मिळतो. नकाशा आणि फेरी शाळेचे पहिले दोन वर्ग म्हणून घाला, त्याला वेगळा निधी लागत नाही. नुसता पीआरए केलात तर एप्रिलमध्ये छान नकाशा होईल, लोकांच्या अपेक्षा वाढतील आणि मेमध्ये भुंगेरे निघतील तेव्हा तुम्ही अहवाल लिहीत असाल.

पण शाळेत कोण बसणार हे नकाशा झाल्यावर ठरवा. आत्ता यादी केलीत तर कंपनीच्या संचालकांचे भाऊबंद येतील. नकाशावर ज्या बांधांवर भुंगेऱ्यांची झाडं आहेत, ते मालक हवेतच, मग त्यांचा ऊस बरा असला तरी.

माळरान
आणि ते नाही आले तर? आमच्या गावात सगळ्यात मोठी कडुनिंबं ज्यांच्या बांधावर आहेत त्यांचं आणि बाकीच्यांचं पाणंदीवरून भांडण आहे. ते रात्री आपल्या बांधावर वीस माणसं येऊ देणार नाहीत. नकाशा काढून उलट सगळ्यांसमोर दिसेल की दोष त्यांच्या झाडाचा.

भातखाचर
हा धोका खरा आहे, आणि मी पीआरएमध्ये असं झालेलं पाहिलं आहे. सगळ्यांसमोर काढलेला नकाशा कुणाला आरोपासारखा वाटू शकतो. नकाशाआधी त्यांच्या घरी जाऊन बसावं आणि भुंगेरे दाखवायला त्यांनाच पुढं करावं, एवढंच मी सांगू शकेन. दर वेळी जमतं असं नाही.

खानापूरची सून
भांगलणीच्या बायकांचं काय ठरवणार? नकाशाला तासभर येतील. पण तुमची शाळा मे ते ऑक्टोबर आहे. खणून बघायला त्यांच्याइतकं कुणाला येत नाही, आणि त्यांचं स्वतःचं रान नाही. वर्गाला यायचं तर दिवसाची हजेरी बुडते. मालक शिकणार, अळी ओळखणारी बाई चहा वाटणार, असं व्हायला नको.

शिवारवाट
अंदाजपत्रकात चहा-नाश्त्याला आणि फ्लेक्सला तरतूद आहे, हजेरीला नाही. फ्लेक्सचे पैसे तिकडे वळवता येतात का ते विचारते. नाहीच जमलं तर पंधरवड्याच्या खणायच्या वर्गांची मजुरी शेतकऱ्यांनी वाटून घ्यावी असं बैठकीत मांडणार आहे. दोघं-तिघं तयार होतील, सगळे होतील की नाही माहीत नाही.

सर, नदीकाठच्या गटाला रात्रीच्या वर्गात काय करायला लावू? झाड नाही म्हणता.

भातखाचर
पहिल्या पावसानंतर संध्याकाळी त्यांना नुसतं रानात उभं करा. किती वाजता निघतात, किती वेळ उडतात, कुठल्या मातीत परत जातात, हे त्यांच्याकडूनच लिहून घ्या. हातजाळीनं किती धरता येतात तेही बघा. त्यांच्यासाठी तयार उत्तर माझ्याकडं नाही. जुलैच्या खड्ड्यांत दोन्ही बाजूंचे आकडे काय येतात ते इथं टाका.

निपाणीकर
मी पण माझ्या खोडव्यात जुलैत खणून बघतो. फूटभर खोल पुरे ना, की अजून खाली जायचं?

भातखाचर
जुलैत फूटभर पुरे. अळी लहान असते, मुळांच्याच आसपास सापडते. कोपऱ्यात एक, मधे दोन असे वेगवेगळे खड्डे घ्या, एकाच जागी नको. पानं पिवळी झाल्यावर खणाल तर उशीर झालेला असेल.